ईसीएलची प्रोव्हिजन असताना एखादा कस्टमर बुडाला तर पी अँड एलला काय लागतं आणि काय लागत नाही

प्रश्न: "आमच्याकडे डेटर्सवर ईसीएलची १६ लाखांची प्रोव्हिजन उभी आहे. आता एका कस्टमरने हात वर केलेत, त्याच्याकडे आमचे १२ लाख अडकलेत. साहेब म्हणतात प्रोव्हिजन आहे ना, त्यातूनच वळते करा, पी अँड एलला काही लावू नका. अकाउंटंट म्हणतो सरळ बॅड डेट खर्चाला टाकू. मला वाटतं दोन्ही केलं तर खर्च डबल होईल. नक्की काय करायचं?"

ईसीएल म्हणजे एक्स्पेक्टेड क्रेडिट लॉस, येणी बुडण्याचा आधीच धरलेला अंदाज. आधी साहेबांच्या वाक्यातली गोम बघू, कारण सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. ते १६ लाख या कस्टमरसाठी ठेवलेलेच नाहीत. ते तुमच्या सगळ्या डेटर्सवर मिळून ठेवलेत, आणि त्यात या एका कस्टमरचा वाटा किती होता हे काढून बघितलंत तर तो बहुतेक इतका किरकोळ निघेल की साहेबांनाच धक्का बसेल.

तुम्ही एजिंग, म्हणजे कुठलं येणं किती दिवस थकलंय याची यादी, दिलेलं नाही, म्हणून मी आकडे धरून चालतो, तुम्ही तुमचे घाला. समजा गेल्या वर्षअखेरीला एकूण येणी ५०० लाख होती. त्यातली ३०० लाखांची बिलं अजून ड्यूच झाली नव्हती, १०० लाखांची ३० दिवसांपर्यंत ओव्हरड्यू, ५० लाख ३१ ते ६० दिवस, ३० लाख ६१ ते ९० दिवस आणि २० लाख ९० दिवसांच्या वर. या प्रत्येक टप्प्याला तुमच्या जुन्या अनुभवावरून आणि पुढच्या अंदाजावरून एक लॉस रेट असतो, समजा अनुक्रमे अर्धा टक्का, २, ५, १० आणि ३५ टक्के. गुणाकार केला की दीड लाख, २ लाख, अडीच लाख, ३ लाख आणि ७ लाख, बेरीज १६ लाख. यालाच प्रोव्हिजन मॅट्रिक्स म्हणतात, आणि ट्रेड रिसीव्हेबल्ससाठी आयएफआरएस ९ या आंतरराष्ट्रीय अकाउंटिंग स्टँडर्डमधल्या सोप्या पद्धतीत बहुतेक कंपन्या हेच वापरतात.

आता हा १२ लाखांचा कस्टमर तेव्हा कुठे बसला होता? समजा त्याची बिलं तेव्हा ड्यूच नव्हती, चांगला जुना गिऱ्हाईक, कुणाला शंकाही नव्हती. म्हणजे तो अर्ध्या टक्क्याच्या ओळीत होता. १२ लाखांचा अर्धा टक्का म्हणजे ६ हजार. सोळा लाखांच्या प्रोव्हिजनमध्ये या माणसाच्या नावावर फक्त ६ हजार होते! बाकी सगळी रक्कम दुसऱ्यांच्या येण्यासाठी ठेवलेली, आणि ते दुसरे अजून तिथेच आहेत, त्यांची जोखीमही तिथेच आहे, एक कस्टमर बुडाला म्हणून बाकीचे जास्त चांगले झाले असं काही होत नाही.

म्हणून ईसीएल आणि राइट ऑफ ही दोन वेगळी कामं आहेत हे डोक्यात ठेवा. ईसीएल हे मोजमाप आहे, आत्ता पुस्तकात असलेल्या येण्यांपैकी किती येणार नाही याचा आजचा अंदाज, ज्यात नाव माहीत असण्याची गरज नाही आणि बिल ड्यू व्हायचीही वाट बघायची नाही. राइट ऑफ म्हणजे रक्कम पुस्तकातूनच काढून टाकणं, त्या कस्टमरच्या खात्यावरचा बॅलन्स कमी करणं, कारण आता ते पैसे यायची वाजवी अपेक्षाच उरली नाही. तोटा ओळखला जातो पहिल्या कामात, दुसऱ्यात फक्त आधी ओळखलेला तोटा आणि ती येणी एकमेकांसमोर बंद होतात. बऱ्याच लोकांच्या डोक्यात अजून जुनी पद्धत बसलीय, आयएएस ३९ या आधीच्या स्टँडर्डच्या काळातली, तेव्हा काहीतरी घडल्यावरच तोटा धरायचा असायचा, त्यामुळे "कस्टमर बुडाला तेव्हा खर्च" ही सवय पक्की झाली. आयएफआरएस ९ १ जानेवारी २०१८ पासून सुरू होणाऱ्या वर्षांना लागू झालं आणि तोटा अपेक्षित असतानाच धरायला लागला, पण एन्ट्री करणाऱ्या हातांची सवय इतक्या सहज जात नाही.

आता क्रमाने जाऊ. समजा नवीन वर्षाच्या दुसऱ्या महिन्यात त्याची बिलं ड्यू झाली, पैसे आले नाहीत, फोन उचलणं बंद झालं, आणि चौथ्या महिन्यात बातमी आली की त्याने दिवाळखोरीसाठी अर्ज केलाय. या क्षणी त्याला मॅट्रिक्समधून बाहेर काढायचं. मॅट्रिक्स ही एकसारख्या जोखमीच्या लोकांच्या गटासाठी असते, आणि हा आता त्या गटासारखा राहिलेला नाही, त्याच्याबद्दल तुमच्याकडे नेमकी माहिती आहे. याला स्वतंत्र मोजायचं.

स्वतंत्र मोजणं म्हणजे १०० टक्के लावून मोकळं होणं नाही, इथे बरेच जण घाई करतात. समजा त्याच्या वकिलाने सांगितलं की कंपनीची पुनर्रचना होऊ शकते, झाली तर देणेकऱ्यांना साधारण ४० टक्के मिळतील, नाही झाली तर तुमच्यासारख्या तारण नसलेल्यांना काही नाही. पुनर्रचना व्हायची शक्यता तुम्ही, माहितीवरून आणि वकिलाशी बोलून, २५ टक्के धरली. ४० टक्के म्हणजे ४.८ लाख, त्याचा पाव हिस्सा १.२ लाख, दुसऱ्या शक्यतेत शून्य. म्हणजे अपेक्षित वसुली १.२ लाख आणि अपेक्षित तोटा १०.८ लाख. जास्तीत जास्त संभाव्य गोष्ट एकच धरायची असती तर तोटा १२ लाख आला असता, पण स्टँडर्ड वेगवेगळ्या शक्यतांना त्यांचं वजन देऊन काढायला सांगतं, म्हणून १०.८. पैसे उशिरा येणार असतील तर डिस्काउंटिंगचाही प्रश्न येतो, पण साध्या ट्रेड बिलावर व्याजाचा घटक नसतो त्यामुळे इथे त्याचा फारसा फरक पडत नाही, सोडून देऊ.

त्याच्या नावावर आधीच ६ हजार होते, म्हणून आत्ता वाढवायचे १०.७४ लाख. एन्ट्री: इम्पेअरमेंट लॉस डेबिट, लॉस अलाउन्स क्रेडिट; लॉस अलाउन्स म्हणजे पुस्तकात उभी असलेली हीच प्रोव्हिजन. पी अँड एलला फटका बसला तो इथे, चौथ्या महिन्यात. कस्टमरचं खातं मात्र अजून १२ लाखच दाखवतंय, त्याला हात लावलेला नाही, आणि लावायचाही नाही कारण अजून पुनर्रचनेची आशा आहे.

मग नवव्या महिन्यात पुनर्रचना फसली, कंपनी लिक्विडेशनमध्ये गेली आणि लिक्विडेटरचं पत्र आलं की तारण नसलेल्या देणेकऱ्यांना काहीही मिळणार नाही. आता दोन गोष्टी होतात आणि त्या याच क्रमाने होतात. पहिली, उरलेल्या १.२ लाखांचा तोटा धरायचा, पुन्हा इम्पेअरमेंट लॉस डेबिट, अलाउन्स क्रेडिट. आता त्या कस्टमरवर अलाउन्स पूर्ण १२ लाख झाला. दुसरी, राइट ऑफ: लॉस अलाउन्स डेबिट १२ लाख, कस्टमरचं खातं क्रेडिट १२ लाख. या शेवटच्या एन्ट्रीत पी अँड एल कुठेच नाही. नेट येणी त्या एन्ट्रीच्या आधीही शून्य होती आणि नंतरही शून्यच आहे, फक्त ग्रॉस आकडा आणि अलाउन्स दोन्ही १२ लाखांनी खाली आले.

म्हणजे "प्रोव्हिजनमधून वळते करा" हे साहेबांचं वाक्य शेवटच्या एन्ट्रीपुरतं बरोबर आहे. चुकतंय ते एवढंच की मधली पायरी गाळलीय, त्या कस्टमरची प्रोव्हिजन आधी १२ लाखांपर्यंत चढवायला हवी होती.

वर्षअखेरीला काय होतं ते बघा. समजा उरलेली येणी ५२० लाख आहेत आणि नव्या एजिंगवर मॅट्रिक्स १७ लाख देते. अलाउन्सच्या खात्यात आत्ता किती आहेत? १६ अधिक १०.७४ अधिक १.२ वजा १२, म्हणजे १५.९४. हवेत १७, म्हणून १.०६ लाख आणखी पी अँड एलला. वर्षभराचा एकूण खर्च १०.७४ + १.२ + १.०६ = १३ लाख.

हा १३ चा आकडा दुसऱ्या बाजूनेही काढता येतो आणि मी प्रत्येक क्लोजिंगला तो तसाच काढून बघतो:

सुरुवातीचा अलाउन्स १६
अधिक वर्षाचा खर्च १३
वजा राइट ऑफ १२
अखेरचा अलाउन्स १७

सुरुवात आणि अखेर या दोन्ही जागी अलाउन्स नीट मोजलेला असेल आणि राइट ऑफची रक्कम माहीत असेल, तर खर्च हा उरलेला आकडा असतो, तो कुणाच्या मर्जीवर नाही. आता या पट्टीवर साहेबांची आणि अकाउंटंटची पद्धत लावून बघू.

साहेबांची पद्धत: चौथ्या महिन्यात अलाउन्स डेबिट १२, कस्टमर क्रेडिट १२, पी अँड एलला काही नाही. खात्यात उरले ४ लाख, आणि त्यासमोर बाकीची साधारण तितकीच येणी आहेत ज्यांच्यासाठी १६ च्या आसपास लागतात. वर्षअखेरीला मॅट्रिक्स १७ म्हणाली की फरक १३ लाख पी अँड एलला लागणारच. म्हणजे वर्षाचा आकडा तोच आला, फक्त तोटा चौथ्या महिन्यात न दिसता वर्षअखेरीला दिसला. सहामाही निकाल किंवा बँकेला मधले आकडे देत असाल तर त्यात नफा जवळपास पावणेअकरा लाखांनी फुगलेला गेला, ही गंभीर गोष्ट आहे. शिवाय राइट ऑफही घाईचा, कारण तेव्हा वसुलीची आशा संपलेली नव्हती. आणि जिथे वर्षअखेरीला मॅट्रिक्स पुन्हा चालवतच नाहीत, "प्रोव्हिजन आहे की" म्हणून ४ लाखांवरच पुढे जातात, तिथे तर अख्खा तोटाच लपून राहतो.

अकाउंटंटची पद्धत: बॅड डेट खर्च डेबिट १२, कस्टमर क्रेडिट १२, अलाउन्सला हात नाही. अलाउन्स १६ च राहिला, वर्षअखेरीला १७ करायला १ लाख, एकूण १३. पुन्हा तोच आकडा. म्हणजे डबल झालंच नाही! बऱ्याच जणांना इथे वाटतं की प्रोव्हिजन पण आहे आणि बॅड डेट पण खर्चाला गेलं म्हणजे दोनदा झालं, पण वर्षअखेरीला अलाउन्स फक्त उरलेल्या येण्यांवर नव्याने मोजला तर हिशोब आपोआप जुळतो. तरी मी ही पद्धत वापरू नका म्हणेन. राइट ऑफची रक्कम अलाउन्सच्या खात्यातून गेली नाही तर वर जी चार ओळींची हालचाल दाखवली ती नोट्समध्ये देताना फाटते, खर्चाचा आकडा दोन वेगळ्या खात्यांत विखुरतो आणि मग ऑडिटरला जुळवून दाखवताना निम्मा आठवडा जातो.

मग डबल खरंच होतं ते कधी? दोन माणसं दोन टोकांना काम करत असतील तेव्हा. क्रेडिट कंट्रोलवाल्याने चौथ्या महिन्यात स्वतंत्र प्रोव्हिजन करून घेतली, अलाउन्सच्या खात्यात १०.७४ चढले. नवव्या महिन्यात लिक्विडेटरचं पत्र गेलं थेट अकाउंट्सला, त्यांना त्या प्रोव्हिजनची कल्पना नाही, त्यांनी बॅड डेट डेबिट करून १२ लाख खर्चाला टाकले. वर्षअखेरीला तिसऱ्याने मॅट्रिक्सचा भाग तेवढा १५.९४ वरून १७ केला. खर्च झाला १०.७४ + १२ + १.०६ = २३.८ लाख, आणि अलाउन्स उभा राहिला २७.८ लाखांवर, जिथे १७ हवे होते. नेमके १०.८ लाख दोनदा गेले, आणि ते अलाउन्समध्ये बिनमालकाचे पडून आहेत.

हे पकडायचं कसं, तर फार सोपं आहे. स्वतंत्र प्रोव्हिजनची कस्टमरवार यादी काढा आणि डेटर्स लेजरच्या क्लोजिंग बॅलन्सशी एकेक ओळ लावा. कुठे कस्टमरचा बॅलन्स शून्य आणि समोर प्रोव्हिजन १०.८ लाख दिसली की समजा हेच झालंय. कुठल्याही कस्टमरवरची प्रोव्हिजन त्याच्या येण्यापेक्षा जास्त असूच शकत नाही. उलट बाजूही तपासा, जो कस्टमर स्वतंत्र यादीत आहे तो मॅट्रिक्सच्या एजिंगमध्येही मोजला गेलाय का, कारण सॉफ्टवेअरमधून एजिंगचा रिपोर्ट काढला की तो सगळ्यांचा निघतो आणि त्यातून ही नावं हाताने वगळावी लागतात. आपल्या उदाहरणात तो ९० दिवसांच्या वर गेला असता तर मॅट्रिक्सनेही त्याच्यावर ३५ टक्के, म्हणजे ४.२ लाख लावले असते, १०.८ च्या वर आणखी.

इथपर्यंतचं थोडक्यात: आधी कस्टमरला मॅट्रिक्समधून बाहेर काढून त्याचा अपेक्षित तोटा धरा, तोटा पी अँड एलला इथे जातो. आशा संपली की अलाउन्ससमोर राइट ऑफ, पी अँड एलला काही नाही. वर्षअखेरीला उरलेल्यांवर मॅट्रिक्स नव्याने.

आता राइट ऑफ कधी करायचा हा प्रश्न, कारण इथे परिस्थितीप्रमाणे उत्तर बदलतं. स्टँडर्डमध्ये दिवसांचा आकडा नाही, "वसुलीची वाजवी अपेक्षा उरली नाही" एवढंच आहे. लोक ९० दिवस म्हणतात ते वेगळ्या गोष्टीबद्दल आहे, ९० दिवस ओव्हरड्यू झालं की डिफॉल्ट धरायचं असं गृहीतक आहे, आणि तेही तुमच्याकडे ठोस कारण असेल तर खोडता येतं. डिफॉल्ट म्हणजे राइट ऑफ नव्हे. डिफॉल्ट झालेल्यांकडून भरपूर पैसे येतात, उशिरा येतात इतकंच. मी ज्या कंपन्यांबरोबर काम करतो तिथे राइट ऑफसाठी कागद लागतो: लिक्विडेटरचं पत्र, कोर्टाचा निकाल ज्याची अंमलबजावणी करायला मालमत्ताच नाही, कायद्याने दावा करायची मुदत संपल्याचं वकिलाचं मत, किंवा रक्कम इतकी लहान की वसुलीचा खर्चच जास्त. नुसतं "आता काय देणार तो" हे सेल्सवाल्याचं म्हणणं मी धरत नाही, तेवढ्यावर प्रोव्हिजन वाढवा, राइट ऑफ नको. थोडी रक्कम येणार हे नक्की असेल तर उरलेल्या भागाचा अर्धवट राइट ऑफही चालतो.

आणि राइट ऑफ केला म्हणजे तुम्ही त्या कस्टमरला कर्जमाफी दिली असं नाही. त्याच्याकडे मागणी चालू ठेवता येते, केस चालू ठेवता येते. ज्या रकमा वर्षात राइट ऑफ केल्या पण ज्यांची वसुली अजून चालू आहे, त्या नोट्समध्ये वेगळ्या सांगाव्या लागतात. म्हणून खातं शून्य केल्यावर त्या रकमांचं वेगळं रजिस्टर ठेवा, नाहीतर वर्षभराने कुणालाच आठवत नाही की कुणाकडून काय यायचं होतं.

टॅक्सचा भाग मी मुद्दाम वेगळा ठेवतो. बऱ्याच ठिकाणी नुसत्या अंदाजी प्रोव्हिजनची वजावट मिळत नाही आणि प्रत्यक्ष राइट ऑफ केल्यावरच मिळते, पण नियम देशागणिक वेगळे आहेत, तुमच्या टॅक्सवाल्याला विचारा. त्यापायी होतं काय, की टॅक्ससाठी राइट ऑफची घाई केली जाते आणि मग अकाउंट्समध्ये वसुलीची आशा असलेली रक्कमही पुसली जाते. टॅक्सची वजावट उशिरा मिळणार असेल तर त्या फरकावर डिफर्ड टॅक्स असतो, म्हणजे पुढे मिळणारा टॅक्सचा फायदा आत्ताच पुस्तकात धरता येतो, त्यासाठी राइट ऑफ पुढे-मागे ढकलायचं कारण नाही.

आता ज्यावर मला थोडं जास्त बोलायचंय ते म्हणजे या १२ लाखांचं पुढच्या वर्षीच्या लॉस रेटमध्ये काय करायचं. इथे मॅनेजमेंट जवळजवळ नेहमी म्हणते की ही एकदाच घडलेली घटना होती, रेट काढताना बाजूला ठेवा. मी सहसा तयार होत नाही. तुमची उधारीची विक्री समजा वर्षाला ३,००० लाख असेल तर १२ लाख म्हणजे ०.४ टक्के. हा कस्टमर गेल्या वर्षअखेरीला ड्यू न झालेल्यांच्या ओळीत होता, आणि ती ओळ अर्धा टक्का धरते. एकाच वर्षाचा अनुभव घेतला तर तो रेट अर्ध्यावरून ०.९ वर जाईल, ३०० लाखांवर जवळपास सव्वा लाखांचा फरक. पूर्ण काढून टाकला तर रेट जागेवरच राहील. दोन्ही टोकं मला पटत नाहीत. पाच वर्षांच्या विक्रीवर पसरला तर वाढ साधारण ०.०८ टक्के येते आणि ती मला खरी वाटते, कारण मोठा कस्टमर मधूनमधून बुडतो हे या धंद्याचंच वास्तव आहे, दर पाच-सात वर्षांनी एक "अपवाद" येत असेल तर तो अपवाद नाही, तो तुमच्या अनुभवाचा भाग आहे. हां, पण तुम्ही त्यानंतर उधारीची पॉलिसी खरंच बदलली असेल, मोठ्या कस्टमरकडून आता आगाऊ रक्कम किंवा बँक गॅरंटी घेत असाल, तर रेट खाली आणायला कारण आहे, आणि ते कारण लिहून ठेवा. काही ठिकाणी मोठे कस्टमर मॅट्रिक्समधून कायमचेच बाहेर काढून एकेक मोजले जातात, ५०० लाखांत एकेकटे १२-१५ लाखांचे अनेक असतील तर मीही तेच सुचवेन.

रेट काढताना एक चूक फार दिसते, आणि तिचा राइट ऑफशी थेट संबंध आहे. त्या वर्षात राइट ऑफ केलेली रक्कम भागिले वर्षअखेरची येणी, असा रेट काढतात. पण राइट ऑफ होतो तो तोटा घडल्यानंतर कितीतरी महिन्यांनी, कोर्ट किंवा लिक्विडेशन संपल्यावर. म्हणजे या वर्षीचे राइट ऑफ तीन वर्षांपूर्वीच्या विक्रीचे असू शकतात. ज्या वर्षी वकील सुस्त त्या वर्षी राइट ऑफ कमी आणि रेट कमी, ज्या वर्षी जुनी साफसफाई केली त्या वर्षी रेट आभाळाला. त्यापेक्षा एका ठराविक काळातली सगळी बिलं धरा आणि त्यांचे पैसे कधी कधी आले हे शेवटपर्यंत पाठलाग करून बघा: त्यातलं किती ३० दिवसांपलीकडे गेलं, किती ६०, किती ९०, आणि शेवटी किती कधीच आलं नाही. कधीच न आलेली रक्कम भागिले त्या त्या टप्प्यापर्यंत पोचलेली रक्कम, हा त्या टप्प्याचा रेट. यात राइट ऑफची एन्ट्री कधी पडली याने काही बिघडत नाही, पैसे आले का नाही एवढंच मोजलं जातं. क्रेडिट नोटा मात्र यातून आधी बाजूला काढा, माल खराब निघाला किंवा भावात वाद झाला म्हणून जे कमी आलं ते विक्रीतून वजा होतं, तो क्रेडिटचा तोटा नाही, आणि तो रेटमध्ये शिरला तर रेट उगाच फुगतो.

राइट ऑफ कधीच न करणाऱ्या कंपन्यांमध्ये वेगळीच अडचण दिसते. ९० दिवसांच्या वरच्या ओळीत जुने मेलेले बॅलन्स साचत जातात, सगळ्यांवर १०० टक्के प्रोव्हिजन, नेट शून्य, म्हणून कुणाला त्रास नाही. पण मग त्या ओळीचा सरासरी रेट ८०-९० टक्के दिसायला लागतो आणि कुणीतरी तोच रेट १०० दिवस ओव्हरड्यू असलेल्या चालू कस्टमरवर लावतं, जो पुढच्या आठवड्यात पैसे देणार असतो. तिथे ओळच फोडा, ९० ते १८०, १८० ते ३६५, वर्षाच्या वर, आणि ज्यांचा कागद हातात आहे त्यांचा राइट ऑफ करून टाका.

दोन छोट्या गोष्टी राहिल्या, कारण तुमच्याकडे त्या येऊ शकतात. कस्टमर वर्षअखेरीनंतर पण अकाउंट्स सही व्हायच्या आत दिवाळखोरीत गेला तर? बहुतेक वेळा ती बातमी वर्षअखेरीला त्याची हालत आधीच वाईट होती याचाच पुरावा असते, म्हणून तोटा त्याच वर्षात धरायचा, पुढच्या वर्षावर ढकलायचा नाही. पण राइट ऑफची एन्ट्री, वसुलीची आशा खरोखर संपली ती पुढच्या वर्षात असेल, तर पुढच्या वर्षातच होईल. हे वेगळं वागणं लोकांना विचित्र वाटतं, पण मोजमाप आणि काढून टाकणं ही दोन कामं वेगळी म्हटली की त्यात विचित्र काही उरत नाही.

आणि राइट ऑफ केल्यावर समजा दोन वर्षांनी लिक्विडेटरने अनपेक्षितपणे दीड लाख पाठवले, तर कस्टमरचं बंद झालेलं खातं पुन्हा उघडून त्यावर अलाउन्स उलटवायचं काही कारण नाही. बँक डेबिट, आणि इम्पेअरमेंट लॉसच्याच ओळीत क्रेडिट, इतर उत्पन्नात नाही. रजिस्टरमध्ये त्या रकमेसमोर दीड लाख जमा लिहा आणि लिक्विडेटरचं पत्र त्याच फायलीला लावा. ऑडिटर पुढे मागे विचारतात ते हेच, की जी रक्कम येणारच नाही म्हणून तुम्ही पुसली ती आली कशी, आणि राइट ऑफ करताना हातात काय कागद होता.